मदत हवी आहे: पेजचं टायटल गूगलसाठी लिहायचं की स्क्रीन रीडरवाल्यांसाठी?

वेबवाला_नाशिक
नमस्कार मंडळी. एका नोकरी जाहिरातींच्या मराठी साइटचं काम माझ्याकडे आहे, वर्डप्रेस आहे, योस्ट प्लगइन आहे. मागच्या आठवड्यात एका दृष्टिहीन वाचकाचा मेल आला. ते म्हणतात की तुमच्या साइटची चार-पाच पानं वेगवेगळ्या टॅबमध्ये उघडून ठेवली की कुठलं कुठे आहे ते कळतच नाही, प्रत्येक टॅब सारखाच बोलतो. मी टायटल बघितली तर खरंच अशी आहेत:

```
सरकारी नोकरी 2025 | महाराष्ट्र भरती | नवीन जाहिरात | तलाठी भरती 2023 निकाल
सरकारी नोकरी 2025 | महाराष्ट्र भरती | नवीन जाहिरात | तलाठी भरती 2023 हॉल तिकीट
सरकारी नोकरी 2025 | महाराष्ट्र भरती | नवीन जाहिरात | वनरक्षक भरती अर्ज
```

प्रत्येक ओळीतले सुरुवातीचे तीन तुकडे टेम्प्लेटमधून येतात. मालक म्हणतात की त्यांना हात लावायचा नाही, त्यावरच गूगलवरून लोक येतात. मग मला असं करता येईल का की गूगलला हेच टायटल दिसेल आणि स्क्रीन रीडरला दुसरं, छोटं? काही अ‍ॅट्रिब्यूट वगैरे आहे का त्यासाठी? या वाचकांना नीट वापरता यायलाच हवं, दिव्यांगांसाठी राखीव जागा असतात, हे लोक आमच्याकडे अगदी कामासाठी येतात.

चित्रकट्टा
सोपं आहे. लिंकवर आणि फोटोवर title="..." टाका, माउस नेला की छोटी पट्टी येते ना तीच. फोटोला alt पण द्या म्हणजे रीडर वाचेल.

मृण्मयी_टेस्टिंग
@चित्रकट्टा तो वेगळा विषय आहे, ते एकेका लिंकचं अ‍ॅट्रिब्यूट झालं. इथे प्रश्न head मधल्या `<title>` चा आहे, जे टॅबवर दिसतं.

@वेबवाला, थेट उत्तर: नाही, दोन टायटल ठेवता येत नाहीत. पानाला टायटल एकच, आणि तेच टॅबवर, बुकमार्कमध्ये, हिस्टरीत आणि स्क्रीन रीडरच्या आवाजात जातं. गूगलपण सर्चमधली निळी ओळ बनवताना आधी तेच बघतं. पण तुम्हाला दोन लागतही नाहीत, तुमच्या टायटलमध्ये शब्दांपेक्षा क्रमाचा घोळ जास्त आहे. तुम्ही एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर उतरवून घ्या, फुकट आहे, Tools मेनूत Speech Viewer आहे तो चालू केला की जे बोललं जातं ते अक्षरांत दिसतं, कान सरावले नसतील तरी चालतं. मग तीन टॅब उघडा आणि Ctrl+Tab दाबत फिरा.

ऐकून_वाचणारा
मी स्वतः दृष्टिहीन आहे, रोज एनव्हीडीएवरच काम करतो, म्हणून माझ्या बाजूने सांगतो. पान उघडलं की सगळ्यात आधी टायटल ऐकू येतं. टॅब बदलला की टायटल. Alt+Tab करून वर्डमधून परत ब्राउजरला आलो की पुन्हा टायटल. मध्येच फोन आला आणि आपण कुठे होतो ते विसरलो तर Insert+T दाबतो, तेव्हाही तेच. तुम्ही लोक टॅबकडे नजर टाकता, वर लोगो दिसतो, फोटो दिसतो, मला त्या क्षणी फक्त ही एक ओळ असते.

आता टॅब बदलताना मी पूर्ण टायटल ऐकत बसत नाही. पहिले दोन-तीन शब्द कानावर आले की ठरवतो, हा नाही, पुढचा. तुमच्याकडे प्रत्येक वेळी "सरकारी नोकरी 2025 महाराष्ट्र भरती नवीन जाहिरात" संपेपर्यंत थांबायचं आणि मग कामाचा शब्द. माझ्या सेटिंगमध्ये ती उभी रेघ वाचलीच जात नाही, त्यामुळे सगळं एका दमात एकच वाक्य असल्यासारखं येतं, कुठे काय संपलं ते कळत नाही. रेघ वाचायचं सेटिंग ठेवलं तर दर वेळी तिचं नाव ऐकायचं, ते त्याहून वैतागाचं.

आणि एक गोष्ट तुमच्या पहिल्याच ओळीत आहे. आधी 2025 ऐकू येतं, शेवटी 2023 निकाल. मी 2025 ऐकून नवीन जाहिरात समजून आत शिरलो असतो आणि खाली बरंच वाचल्यावर कळलं असतं की जुना निकाल आहे.

एसइओ_पुणे
वाचकांची अडचण मान्य आहे, पण मालकांचंही चूक नाही. मुख्य कीवर्ड टायटलच्या सुरुवातीला असावा लागतो, आणि गूगल 60 अक्षरांच्या पुढचं वाचत नाही, त्यामुळे मोठा कीवर्ड पुढे. "सरकारी नोकरी" काढलंत तर ट्रॅफिक बसेल.

मृण्मयी_टेस्टिंग
@एसइओ_पुणे कीवर्ड पुढे, हे बरोबर. पण कुठला कीवर्ड? या पानावर येणारा माणूस "सरकारी नोकरी" शोधत नाहीये, तो "तलाठी भरती निकाल" शोधतोय. आणि तो शब्द तुम्ही शेवटी टाकलाय. ऐकणाऱ्याला जो शब्द पहिला हवा आणि शोधणारा जो टाइप करतो, तो इथे एकच आहे. "सरकारी नोकरी" हा होमपेजचा आणि कॅटेगरी पेजचा शब्द, तिथे खुशाल पहिला ठेवा.

60 अक्षरांचं म्हणाल तर गूगलने टायटलला अशी लांबीची मर्यादा सांगितलेली नाही. दाखवताना स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे ओळ कापतात. म्हणून योस्टही अक्षरं न मोजता रुंदी मोजतो. देवनागरीत जोडाक्षरं, काना, मात्रा यांमुळे अक्षरं मोजून तसाही अंदाज येत नाही. पण तुमचाच मुद्दा धरला तरी बघा, मोबाइलवर ओळ कापली गेली तर सध्या "निकाल" हाच शब्द कापला जाईल.

आणि मालकांना हे सांगा की गूगल तुमचं टायटल जसंच्या तसं दाखवेल याची खात्री नसते. ते h1, पानावरचा ठळक मजकूर, og:title, इतरांनी दिलेल्या लिंकचा मजकूर हेही बघून ओळ बदलतात. कधी बदलतात त्याची कारणं त्यांच्याच मदतपानावर आहेत: कीवर्ड कोंबलेत, बऱ्याच पानांवर तोच मजकूर आहे, टायटलमधलं साल पानाशी जुळत नाही. यांच्या पहिल्या ओळीत तिन्ही आहेत. म्हणजे मालक जी ओळ जपतायत ती सर्चमध्ये दिसते का, हे आधी दोन-चार पानं शोधून बघा.

योस्टमध्ये पोस्टसाठीचं टेम्प्लेट इतकंच ठेवा:

```
%%title%% %%page%% %%sep%% %%sitename%%
```

मग टायटल "तलाठी भरती 2023 निकाल – साइटचं नाव" असं येईल. साल त्या भरतीला चिकटलेलं, साइटचं नाव शेवटी. `%%page%%` काढू नका, यादीच्या दुसऱ्या पानावर तोच आकडा लावतो, नाहीतर पान 1 आणि पान 2 पुन्हा सारखी. "नवीन जाहिरात", "महाराष्ट्र भरती" हे शब्द मेटा डिस्क्रिप्शनमध्ये आणि पहिल्या परिच्छेदात येऊ द्यात. h1 वेगळा असतो, तो टायटलपेक्षा लांब चालतो, "तलाठी भरती 2023 चा निकाल आणि जिल्हानिहाय गुणवत्ता यादी" असा सविस्तर लिहा, फक्त टायटलशी विसंगत नको.

एसइओ_पुणे
लांबीचं माझं अर्धवट होतं, ठीक. पण साइटचं नाव पूर्ण काढू नका, ब्रँड सर्च असतो. आणि सगळी पानं एकदम बदलू नका, एक कॅटेगरी बदला, काही आठवडे सर्च कन्सोलमध्ये त्या पानांचे क्लिक बघा, मालकांना आकडे दाखवायला होतील.

फॉर्मवाली_ठाणे
माझं थोडं वेगळं आहे पण इथेच विचारते. आमच्या संस्थेचा ऑनलाइन अर्ज आहे, चार पायऱ्या, रिअ‍ॅक्टमध्ये. गूगलचा काही संबंध नाही, लॉगिनच्या आतलं आहे. तरी टायटल लागतं का? आमच्याकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त "अर्ज" असतं.

मृण्मयी_टेस्टिंग
लागतं. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक नियमांत 2.4.2 हा निकष आहे, सगळ्यात खालच्या म्हणजे ए पातळीचा, आणि तिथे सर्चचा उल्लेखही नाही. पान कशाबद्दल आहे ते टायटलने सांगावं, बस्स. तुमच्याकडे पान नव्याने लोड होत नाही म्हणून पुढे दाबल्यावर ब्राउजर स्वतःहून काही बदलत नाही. पायरी बदलली की असं करा:

```js
document.title = "पायरी 2/4: शिक्षण – अर्ज";
const h1 = document.querySelector("h1");
h1.tabIndex = -1;
h1.focus();
```

नुसतं document.title बदललं की ते बोललं जाईलच असा भरवसा नाही, म्हणून फोकस नवीन पायरीच्या h1 वर न्यायचा. टायटल मग Insert+T ला आणि टॅब बदलताना उपयोगी पडतं. फॉर्ममध्ये चूक राहून तेच पान परत आलं तर टायटलच्या आधी "चूक:" लावा, ब्रिटिश सरकारच्या डिझाइन सिस्टीममध्ये हीच पद्धत आहे. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं की बटण दाबलंच गेलं नाही.

ऐकून_वाचणारा
"चूक:" साठी शंभर टक्के अनुमोदन. मी अशा फॉर्मवर सबमिट पुन्हा पुन्हा दाबत बसलोय, कारण काही झालं हेच कळत नव्हतं.

वेबवाला_नाशिक
सर्वांचे आभार. तलाठी आणि वनरक्षक कॅटेगरीचं टेम्प्लेट बदललं, Speech Viewer लावून टॅब फिरवले, आता पहिल्या काही शब्दांतच कळतंय. मालकांना सर्चमध्ये दाखवलं, निकालाच्या पानावर गूगल आधीपासूनच h1 उचलून दाखवत होतं, टेम्प्लेटचा मजकूर तिथे नव्हताच. ते बघून तयार झाले.

आता नवीन पेच. आमचे बरेच लोक सर्च रोमनमध्ये करतात:

```
talathi bharti hall ticket
```

मालक म्हणतात टायटलमध्ये देवनागरीच्या पुढे हे पण टाकूया.

ऐकून_वाचणारा
कृपया नको. मी मराठी आवाज लावलेला असतो, तो रोमनमधलं "bharti" कसं म्हणेल सांगता येत नाही, आणि तेच शब्द दोनदा ऐकायचे. lang लावून इथे उपाय होत नाही ना?

मृण्मयी_टेस्टिंग
नाही. टायटलच्या आत स्पॅन घालता येत नाही, त्यामुळे अर्ध्या टायटलला वेगळी भाषा देता येत नाही. Alt+Tab ला जे ऐकू येतं ती खिडकीच्या नावाची साधी ओळ असते, तिच्याबरोबर भाषेची माहिती जातच नाही. रोमन शब्द यूआरएलमध्ये ठेवा आणि मजकुरात एकदा नैसर्गिकपणे येऊ द्या.

एसइओ_पुणे
इथे मी सहमत नाही. रोमन सर्चवर टायटलमधल्या रोमन शब्दांचा फरक पडतो असा माझा अनुभव आहे. शेवटी टाकला, साइटच्या नावाआधी, तर टॅब बदलणाऱ्याला त्रास कमी होईल ना?

ऐकून_वाचणारा
शेवटी असेल तर मी तोपर्यंत पुढे गेलेलो असतो, चालवून घेईन. पण पान उघडताना पूर्ण ऐकावंच लागतं किंवा Ctrl दाबून गप्प करावं लागतं.

वेबवाला, अजून एक. तुमच्या पानावरून जाहिरातीची पीडीएफ उघडली की तिचं टायटल "Microsoft Word - Document1" असं काहीतरी येतं. निकालाच्या याद्यांचंही तसंच. तीन पीडीएफ उघडल्या की पुन्हा तोच गोंधळ.

वेबवाला_नाशिक
त्या फाइल विभागाकडून जशा येतात तशाच आम्ही चढवतो. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमधलं टायटल आम्ही बदललं तर चालेल का? मूळ सरकारी कागदाला हात लावल्यासारखं होईल, आणि डिजिटल सही असेल तर ती मोडेल असं वाटतंय. कुणी केलंय का हे?