मदत हवी आहे : १८ महिन्यांच्या चक्रवाढव्याजाचे सूत्र

नमस्कार. फोंड्यात मी आठवीच्या मुलांची शिकवणी घेते. सरावपत्रिकेत प्रश्न आहे : ८,००० रुपयांवर द.सा.द.शे. १० दराने १८ महिन्यांचे चक्रवाढव्याज काढा.

व्याज सहामाही आकारायचे असेल, तर दर ५ आणि n = ३ घेऊन A = P(1 + r/100)^n या सूत्राने रास ९,२६१ व व्याज १,२६१ रुपये येते. काही मुले दर १० तसाच ठेवून n च्या जागी १८ लिहितात. तेव्हा रास मुद्दलाच्या साडेपाच पटींवर जाते आणि चूक लगेच कळते. दर १० व n = ३ घेतल्यावर मात्र व्याज २,६४८ येते, ते मुलांना खरे वाटते. सरळव्याज १,२०० असल्यामुळे दीड वर्षाचे चक्रवाढव्याज त्याच्या दुपटीहून अधिक होणार नाही, हा पडताळा मी त्यांना देते.

माझी अडचण अशी की, पत्रिकेत आकारणीचा काळ दिलेलाच नाही. वार्षिक आकारणी धरून पहिल्या वर्षानंतरच्या ८,८०० रुपयांवर उरलेल्या सहा महिन्यांचे सरळव्याज घेतले, तर एकूण व्याज १,२४० होते. अशा वेळी आपण कोणते उत्तर ग्राह्य धरता, आणि मुलांना उत्तरात गृहीतक लिहायला लावता का?