आरोग्य दिनी सत्कार नेमका कोणाचा करावा?

सप्रेम नमस्कार,
परदेशातील आपल्या मंडळाच्या साहाय्याने गावाकडे होणाऱ्या आरोग्य दिनाच्या कार्यक्रमात तेथील आशा आणि अंगणवाडी सेविकांचा सत्कार करण्याचे ठरले आहे. ज्यांच्या नावावर वर्षभरात दवाखान्यातील सर्वाधिक बाळंतपणे आहेत, अशा तीन आशांची नावे प्राथमिक आरोग्य केंद्राकडून मागवावीत, असे मला वाटते. सेविकाही आरोग्य खात्याच्याच असल्यामुळे एकच पत्र पुरेल.
— अविनाश, कार्यवाह

अविनाशराव,
आशा आरोग्य खात्याकडे असल्या तरी अंगणवाड्या महिला व बालविकास खात्याकडे आहेत, त्यामुळे सेविकांसाठी बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना वेगळे पत्र द्यावे लागेल.
बाळंतपणांचा निकष मात्र मला मान्य नाही. पहिलटकरीण बहुधा माहेरी जाते. सासरच्या गावच्या आशाने सातव्या महिन्यापर्यंत तिची नोंदणी, तपासण्या आणि लोहाच्या गोळ्या सांभाळलेल्या असतात, पण बाळंतपण दुसऱ्या गावात होते आणि आकडा तिकडच्या आशाच्या नावावर चढतो. त्यापेक्षा गृहभेटींची नोंद पाहावी. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. समजा, एकीच्या भागात वर्षात चाळीस बाळे असून निम्म्यांच्याच सहाही भेटी झाल्या आणि दुरच्या पाड्यावरच्या दुसरीकडे नऊच बाळे असून प्रत्येकाच्या सहाही झाल्या, तर आपल्या निकषाने दुसरीचे नाव कधीच येणार नाही. भेटी केवळ कागदावर भरल्या आहेत का, हे दोन-चार मातांना विचारले की कळते. बाळाचे वजन झोळीच्या काट्यावर केले का आणि काखेत तापमापक लावला का, हे आई विसरत नाही.
— डॉ. सुलभा (निवृत्त वैद्यकीय अधिकारी)

सुलभाताई,
माझी आई अंगणवाडी सेविका होती, म्हणून लिहिते. तिच्या सत्काराच्या दिवशी पाहुण्यांची वाट पाहण्यात दुपार गेली आणि अंगणवाडीतील मुलांचा आहार मदतनीस मावशींनी एकटीने शिजवून वाढला. त्या मावशींचे नाव मात्र यादीत नव्हते. कार्यक्रम दुपारनंतर ठेवावा आणि मदतनिसांनाही बोलवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. साडीऐवजी रोख रक्कम देता येईल का?
— मीनल

मीनल, सुलभाताई,
दोन पत्रे आणि दुपारची वेळ मला मान्य आहे, मदतनिसांची नावेही मागवतो. तरीही निवड करावी की सर्वांनाच मानपत्र द्यावे, याबद्दल माझे मन अजून ठरत नाही. तिघींनाच पुढे बोलावले तर एकाच केंद्राखाली काम करणाऱ्या बाकीच्यांना ते लागेल, आणि सर्वांना दिले तर त्या पाड्यावरच्या आशाचे काम वेगळे दिसणार नाही. रोख रकमेबद्दल गावातील संस्थेच्या हिशेबनिसांना विचारतो, कारण परदेशातून देणगी घेण्यासाठी तिथल्या संस्थेला केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. गृहभेटींची नोंद गटप्रवर्तकांकडे मागावी की थेट तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे, हे सुलभाताईंनी कळवावे.
— अविनाश