मदत हवी आहे: हस्तलिखित यादीच्या फोटोवरून शीट करायची आहे, आकड्यांचा घोळ होतोय

वहीवाली

नमस्कार मंडळी. वसतिगृहाच्या सामानाची यादी आमचे एक काका वहीत लिहितात आणि पानाचा फोटो पाठवतात. फोटो ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडला की बराचसा मजकूर मिळतो. तो शीटमध्ये टाकल्यावर मात्र क्रमवारी लागत नाही. हा एक तुकडा बघा:

```
फिनाइल ५०० मिली x ६
फिनाइल ५ लिटर कॅन १
हातमोजे लहान 1/2 डझन
11 मोठे 8
```

शेवटच्या ओळीतला 11 वहीत कुठेच नाही. अर्ध्या डझनाच्या जागी शीटमध्ये तारीख दिसते, आणि प्रमाणानुसार लावलं की ५०० मिली हे ५ लिटरच्या वर जाऊन बसतं. कसं सोडवावं?

झटपट

एक्सेलच्या मोबाइल ॲपमध्ये फोटोवरून थेट तक्ता करायची सोय आहे. Data from Picture वापरा, एका मिनिटाचं काम.

निळीशाई

@झटपट, छापील तक्ता असेल तर ती सोय खरंच छान चालते. इथे ना रकाने आहेत ना रेघा, वर अक्षर हाताचं. अशा पानावर ती कुठेही रकाना तोडते.

वहीवाली, तो 11 म्हणजे 'वरीलप्रमाणे'च्या दोन उभ्या रेघा असणार, वहीत बघून घ्या. तिथे 'हातमोजे' हा शब्द हातानेच भरा. प्रत्येक ओळीत वस्तूचं पूर्ण नाव नसेल तर क्रमवारी लावताक्षणी ती ओळ आपल्या वरच्या ओळीपासून तुटते आणि 'मोठे' म्हणजे काय मोठे, हे कळायला मार्ग राहत नाही.

तारखेचं कारण म्हणजे शीट 1/2 ला दिवस आणि महिना समजते. नंतर रकान्याचा प्रकार 'संख्या' केलात तर चाळीस हजारांच्या वरचा आकडा येतो, अर्धा परत येत नाही. म्हणून मजकूर टाकायच्या आधीच तो रकाना Plain text करा. मग अर्धा, पाव, दीड, अडीच जे असेल ते 0.5, 0.25, 1.5, 2.5 असं लिहा आणि त्यानंतरच रकाना संख्येचा करा.

सुटसुटीत

मीही घरच्या यादीसाठी असंच करायचे. आता सगळ्यांनी मिळून भरायचं ॲप घेतलंय, ज्याला जे हवं ते तो टिपतो. तुम्हीही तसंच करा ना!

वहीवाली

ताई, काका वहीतच लिहिणार आणि ते मला बदलायचं नाही. फोटोच्या पुढचं काम हवंय.

निळीशाई

मग रकाने असे ठेवा: A क्रमांक, B मूळ ओळ जशीच्या तशी, C वस्तू, D नग, E माप, F एकक, G एकूण. मूळ ओळ कधीही पुसू नका, शंका आली की तीच कामाला येते. पहिली ओळ नग 6, माप 500, एकक मिली अशी होईल, आणि दुसरी नग 1, माप 5, एकक लिटर.

'एकके' नावाची वेगळी शीट करून तिच्यात मिली समोर 1, लिटर समोर 1000, नग समोर 1, डझन समोर 12 लिहा. मग G2 मध्ये:

```
=D2*E2*VLOOKUP(F2,'एकके'!A:B,2,FALSE)
```

बाटल्यांचे 3000 आणि कॅनचे 5000 येतील, म्हणजे कॅन वर जाईल. क्रमवारी मात्र आधी वस्तूनुसार आणि मग G नुसार लावा. नाहीतर मिलीलिटर आणि नग एकाच रांगेत येतील आणि त्या क्रमाला काही अर्थ उरणार नाही.

D आणि E मधले देवनागरी अंक Find and replace ने 0-9 करून घ्या. बहुतेकदा ते संख्या न राहता मजकूर म्हणून बसतात. आकडा डावीकडे चिकटलेला दिसला तर संशय घ्या आणि `=ISNUMBER(E2)` लावून बघा.

दुसरीबाजू

एक भर घालतो. १ आणि ९ हाताच्या अक्षरात फार सारखे दिसतात, आणि चुकीचा आकडाही ISNUMBER मध्ये खरा ठरतो. त्यामुळे फोटो शेजारी उघडून आकडे एकदा डोळ्याखालून घालाच. वहीतल्या ओळी आणि शीटमधल्या ओळी मोजून जुळवा. एखादी फिकी ओळ वाचलीच गेली नसेल तर ती फक्त मोजणीतच सापडते.

वहीवाली

दोघांचे खूप आभार. त्या दोन रेघाच होत्या! फिनाइल आता बरोबर लागलं. एकच अडलंय. हातमोजे अर्धा डझन म्हणजे सहा नग की सहा जोड? मोठ्यांच्या 8 पुढे तर काहीच लिहिलेलं नाही.

निळीशाई

ते शीटमधून कळणार नाही, काकांनाच विचारा. तोपर्यंत F रिकामं ठेवा. G मध्ये #N/A दिसेल, तो दिसू द्या, अंदाजाने 'नग' भरू नका. जोड निघाले तर 'एकके'मध्ये 'जोड' आणि 'डझन जोड' अशा वेगळ्या ओळी कराव्या लागतील. मग लहान-मोठे दोन्ही जोडांतच मोजायचे की नगांत, हे तुम्हीच ठरवा.