मदत हवी आहे: फ्लॅटचं मूळ ॲग्रीमेंट हरवलं, खरेदीदाराची बँक अडून बसलीये

पाऊसवेडा

डोंबिवली पूर्वेला बाबांच्या नावावर वन बीएचके आहे. २००४ साली रिसेलमध्ये घेतलेला. आता विकायला काढलाय, गिऱ्हाईक मिळालं, एक लाख विसार घेतला, ४५ दिवसांत व्यवहार पुरा करायचा असं कागदावर ठरलंय. त्यातले ९ दिवस गेले.

गेल्या गुरुवारी बाबा सगळी फाइल घेऊन स्टेशनजवळ झेरॉक्स काढायला गेले. झेरॉक्स घरी आल्या, शेअर सर्टिफिकेटही आलं, पण २००४चं मूळ ॲग्रीमेंट आणि नोंदणीची पावती आली नाही. झेरॉक्सवाल्याकडे दोनदा जाऊन आलो. रिक्षात राहिलं की दुकानातून कुणी चुकून उचललं, बाबांना आठवत नाही. वय ७४, त्या दिवसापासून जेवणही धड करत नाहीयेत.

खरेदीदाराची बँक म्हणते मूळ दस्त हवाच. पोलिसात जायचं, पेपरात नोटीस द्यायची, नक्कल काढायची एवढं ऐकून आहे. पण कुठून सुरू करू? आणि हे सगळं करूनही बँक मान्य करेल का?

कट्ट्यावरचा

एवढं टेन्शन नको. सब-रजिस्ट्रार ऑफिसातून सही-शिक्क्याची नक्कल काढा, विषय संपला. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे ती पुराव्यात चालते. बँक नाही म्हणूच शकत नाही. आणि आधी एफआयआर करा, त्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही.

सुगरण_नाशिक

आमचंही असंच झालं हो! होम लोन फेडलं आणि बँक म्हणाली पेपर सापडत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवला, कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत पेपर द्यायचे, नाहीतर दिवसाला ५००० रुपये. हरवले तर नक्कल काढायला मदत करायची आणि खर्चही बँकेनेच सोसायचा. तुम्ही पण बँकेला पत्र लिहा, सोडू नका.

पाऊसवेडा

ताई, आमचे पेपर बँकेने नाही हरवले. बाबांनी २०१३ मध्ये याच फ्लॅटवर कर्ज घेतलं होतं, ते २०१९ ला फिटलं आणि कागद तेव्हाच परत मिळाले. हरवले आमच्याच हातून.

सुगरण_नाशिक

अरे हो, मी घाईत वाचलं. पण तो नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा आहे, कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून राहू दे.

जुना_दस्त

मालमत्तेच्या जुन्या नोंदी तपासून सर्च रिपोर्ट लिहिण्यात २२ वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कट्ट्यावरचा म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. नकलेने दस्तात काय लिहिलंय ते कोर्टात सिद्ध होतं. पण बँकेची भीती वेगळीच आहे. तुमच्या बाबांच्या दस्ताची नक्कल मीसुद्धा काढू शकतो. स्थावर मालमत्तेचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये नोंदतात आणि त्यातली नक्कल फी भरून कुणालाही मिळते. म्हणजे नक्कल तुमच्या हातात आहे यावरून मूळ कागद कुठे आहे हे काहीच कळत नाही. आणि आपल्याकडे गहाण ठेवायला फक्त मूळ दस्त नेऊन दिला तरी पुरतं. बँकेला एवढंच कळायला हवं की तुमचा मूळ दस्त दुसऱ्या कुणाच्या तिजोरीत नाही. पोलीस, नोटीस, प्रतिज्ञापत्र ही सगळी धडपड त्यासाठी. हे लक्षात आलं की कुठला कागद कशाला लागतो ते आपोआप कळतं.

आता क्रम. सगळ्यात आधी, म्हणजे उद्याच, खरेदीदाराच्या बँकेच्या पॅनलवरच्या वकिलाला फोन करा आणि विचारा की नोटीस कुठल्या पेपरात, किती दिवसांची, कुठल्या मसुद्यात हवी. लोक नोटीस आधी छापतात आणि वकिलाला नंतर दाखवतात, मग दुसऱ्यांदा पैसे जातात. साधारण एक मराठी आणि एक इंग्रजी पेपर, १४ किंवा १५ दिवसांची मुदत असते, पण त्या वकिलाचं म्हणणं अंतिम.

त्याच दिवशी पोलीस. एफआयआर नाही. चोरी झाली असेल तरच एफआयआर, इथे गहाळची नोंद. ऑनलाइन करता येते, पण त्या प्रिंटवर पोलिसांनी तपास केलेला नाही अशा अर्थाची ओळ असते आणि काही वकिलांना ती खटकते. म्हणून प्रिंट घेऊन ठाण्यात जा आणि गोल शिक्का मागा. जे घडलं तेच लिहा. एजंट लोक 'लोकलमध्ये प्रवास करताना बॅग हरवली' असा ठरलेला मजकूर टाइप करून देतात. मग रेल्वे पोलीस म्हणतात आमच्याकडे या, आणि पुढे प्रतिज्ञापत्रात वेगळीच गोष्ट येते. 'अमुक तारखेला झेरॉक्स दुकान ते घर या दरम्यान गहाळ, नेमकं ठिकाण सांगता येत नाही' एवढं पुरतं.

आता सांगा, दस्ताची झेरॉक्स आहे ना? प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात चौकोनी शिक्का असेल, त्यात काय आहे?

पाऊसवेडा

आहे. वर 'कलन-१', खाली एक चार आकडी नंबर, '२००४', आणि पान ७/४२ असं.

जुना_दस्त

झालं. कलन-१ म्हणजे कल्याण १ चं कार्यालय, चार आकडी तो दस्त क्रमांक. हे हातात असलं की नक्कल काढणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. अर्जात कार्यालय, क्रमांक, वर्ष लिहायचं, फी ऑनलाइन चलनाने भरायची. दस्त २००२ नंतरचा असल्यामुळे सूची दोन, म्हणजे दस्ताच्या नोंदीचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्येही दिसेल. ती आजच काढा आणि झेरॉक्सशी ताडून बघा. नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ यात फरक दिसला तर आत्ताच सांगा.

दुसरं. बाबांनी ज्यांच्याकडून घेतला त्यांचं बिल्डरबरोबरचं ॲग्रीमेंट कुठे आहे?

पाऊसवेडा

ते १९९३चं. ते आहे, कपाटातच राहिलं होतं. सुटलो म्हणायचं का?

जुना_दस्त

सुटलात. तेही गेलं असतं तर जुन्या नोंदी शोधण्यात तुमचे ४५ दिवस संपले असते.

मुलुंडची_माई

नोटिशीबद्दल एक सांगते, आमची दुसऱ्यांदा छापावी लागली. वकिलांच्या कारकुनाने फ्लॅट ४०२ लिहिलं, पण बी विंग राहून गेली. सोसायटीत ए विंगमध्येही ४०२ आहे! त्या बिचाऱ्यांना शेजाऱ्यांनी विचारलं, तुमचे पेपर हरवले का. बँकेने नोटीस नामंजूर केली, पुन्हा १४ दिवस. म्हणून प्रूफ आलं की झेरॉक्स समोर ठेवून एकेक आकडा बोटाने तपास, बाळा. विंग, मजला, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, गाव, दस्त क्रमांक, तारीख.

कट्ट्यावरचा

पण या नोटिसा वाचतं कोण? निव्वळ फॉर्मॅलिटी.

जुना_दस्त

लोक वाचत नाहीत, बँकांची माणसं आणि सावकार वाचतात. कुणाकडे तो दस्त पडून असेल तर त्याने मुदतीत बोलावं यासाठी ती आहे. मुदत संपली की हरकत आली नाही असं पत्र वकील देतात, आणि बँकेला ते लागतं. अर्थात नोटीस न पाहिलेल्याचा हक्क त्याने बुडत नाही. म्हणून बाबांचं प्रतिज्ञापत्र आणि हमीपत्र लागतं: दस्त गहाण ठेवलेला नाही, कुणाला दिलेला नाही, सापडला तर खरेदीदाराला आणून देऊ, कुणाचा दावा निघाला तर नुकसान आम्ही भरू. दस्तात आईचं नाव असेल तर तिचीही सही. स्टॅम्प पेपर आता १०० चा चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० चा.

आणि एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. सरसाई म्हणजे बँकांकडच्या गहाणांची देशभरची नोंदवही. तिच्या साइटवर (cersai.org.in) थोडी फी भरून फ्लॅटवर कुठल्या बँकेचा बोजा नोंदलाय का ते शोधता येतं. खरेदीदाराची बँक ते बघणारच. तुम्ही आधी बघा. २०१३चं कर्ज म्हणालात म्हणून विशेष सांगतोय.

पाऊसवेडा

काका, काय सांगू. काल रात्री शोधलं. २०१३चा बोजा अजून तसाच दिसतोय! कर्ज फिटून सहा वर्षं झाली, नो-ड्यूज लेटर घरात आहे.

जुना_दस्त

हेच वाटलं होतं. कर्ज फिटलं, पण बोजा उतरवल्याची नोंद तुमच्या जुन्या बँकेने केली नाही. ती नोंद त्यांनीच करायची असते, तुम्हाला करता येत नाही. शाखेत नो-ड्यूजची प्रत आणि सर्चचं प्रिंट जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. विचार करा, मूळ दस्त हरवलाय आणि वर बोजा दिसतोय. बघणाऱ्याला वाटणार दस्त अजून बँकेकडेच आहे. आणखी एक, कागद परत देताना त्या बँकेने यादीवर सही घेतली असेल. ती सापडली तर सोन्यासारखी. २०१९ ला मूळ दस्त तुमच्या हातात आला याचा तो पुरावा.

पाऊसवेडा

यादी सापडली! बाबांनी एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवली होती. नंबर एकवर लिहिलंय, 'मूळ करारनामा, ४२ पाने'. बाबा आज पहिल्यांदा नीट जेवले.

पाऊसवेडा

ताजी खबर. पोलिसांची गहाळ नोंद शिक्क्यासकट मिळाली. ठाण्यात आधी म्हणाले ऑनलाइन पुरतं, पण बँकेच्या वकिलाचं नाव सांगितल्यावर शिक्का दिला. पॅनलच्या वकिलांनी १४ दिवसांची नोटीस सांगितली, दोन्ही पेपरांत परवा छापून येईल. प्रूफ माईंनी सांगितल्याप्रमाणे बोट ठेवून वाचलं, हिस्सा नंबर चुकलेला होताच.

नकलही मिळाली, ४२ पानं. पण फ्लोअर प्लॅनचं पान इतकं काळं आलंय की फ्लॅटची हद्द दिसतच नाही. आमच्या झेरॉक्समध्ये ते स्पष्ट आहे. बँक त्यावरून अडवेल का?

जुना_दस्त

पुन्हा नक्कल मागून बघा, कधी दुसऱ्या वेळी बरी येते. नाहीतर सोसायटीकडून मंजूर नकाशाची प्रत. अडवतील की नाही ते त्या वकिलावर, मला आत्ता सांगता येणार नाही.

मुलुंडची_माई

आणि खरेदीदार किंमत कमी करायला सांगतोय का? आमच्याकडे सांगितली होती.

पाऊसवेडा

सांगतोय, माई. दीड लाख. बाबा म्हणतात देऊन टाकू, मी म्हणतो बोजा उतरल्याशिवाय बोलायचंच नाही. जुन्या बँकेत उद्या तिसरी चक्कर आहे.