'ग्रेस्केल'ला 'कृष्णधवल' म्हणावं का?

अनघा: स्लाइडची हँडआउट छापायला देताना मी 'कृष्णधवल छापावे' असं लिहिते. सहकारी म्हणतो, 'ग्रेस्केल' लिही, दोन्ही वेगळं आहे. खरंच? माझ्या स्लाइडवर झालेली कामं हिरव्या चौकटीत, रखडलेली लाल चौकटीत आणि चालू असलेली पिवळ्या अक्षरांत आहेत.

सुहास: वेगळं आहे. पॉवरपॉइंटमध्ये छापताना `Grayscale` आणि `Pure Black and White` असे दोन पर्याय दिसतात. दुसरा निवडला तर चौकटींचा रंग पार जातो, आत पांढरं राहतं आणि अक्षरं काळी होतात. म्हणजे तुमच्या लाल-हिरव्या चौकटींत काही फरकच उरणार नाही. पंचाईत अशी की कृष्णधवल सिनेमात करड्या छटा भरपूर असतात, त्यामुळे हा शब्द दोन्हीकडे ओढला जातो. मी 'करड्या छटांत छापा' असं लिहितो.

नंदा: आमच्याकडे टोनर वाचवायला ड्राफ्ट मोड लावतात. त्याला काय म्हणायचं?

सुहास: तो निराळा विषय. त्यात शाई कमी पडते, रंगांचं करड्यात रूपांतर कसं व्हायचं ते त्यावर ठरत नाही.

रोहित: ग्रेस्केल लावलं की प्रश्न मिटला. हिरवा उजळ असतो, लाल गडद, त्यामुळे छटा आपोआप वेगळ्या येतात.

सुहास: झगझगीत हिरव्याला ते लागू पडतं, गडद हिरव्याला नाही. रूपांतराचं एक प्रचलित सूत्र बघा; R, G, B म्हणजे रंगातला लाल, हिरवा, निळा आणि Y म्हणजे छटेचा उजळपणा, 0 काळा ते 255 पांढरा:

```
Y = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
```

शुद्ध लाल (255, 0, 0) धरला तर 76 येतात. गडद हिरवा (0, 128, 0) धरला तर 75. पडद्यावर एकमेकांच्या विरुद्ध दिसणारे रंग कागदावर सारखेच. पिवळा (255, 255, 0) 226 वर जातो, पांढरा कागद 255. शिवाय कार्यालयातल्या साध्या लेझर प्रिंटरमध्ये शाई फक्त काळी असते, करडेपणा तो बारीक ठिपक्यांतून दाखवतो. पातळ पिवळी अक्षरं त्या विरळ ठिपक्यांत तुटतात.

अनघा: मग रंग बदलू?

सुहास: हो. रखडलेल्यांना गडद लाल (192, 0, 0) द्या, त्याचे 57 होतात; आत पांढरी अक्षरं. झालेल्यांना फिका हिरवा (146, 208, 80) द्या, त्याचे 175. आत काळी अक्षरं. चालू कामांची अक्षरं काळीच ठेवा आणि पिवळा मागे भरा. प्रत्येक चौकटीत 'झाले', 'रखडले' असा शब्दही घाला, कारण सगळे ड्रायव्हर हेच सूत्र वापरतील असं नाही. आधी एकच पान छापून पाहा.

रोहित: गडद हिरव्याचं मान्य. पण 'करड्या छटा' जुनाट वाटतं, 'राखाडी' का नको?

अनघा: 'राखाडी'ने मला एकच रंग डोळ्यांसमोर येतो. मी सूचनेत 'ग्रेस्केल'च ठेवते. छापणाऱ्याला पडद्यावर तोच शब्द दिसतो.

सुहास: सूचनेपुरतं ठीक. लेखात मी 'करड्या छटा'च लिहीन.