एकसर जोडणीत करंट खर्च होतो का?

सानिकाची आई: विज्ञान कोणाचं पक्कं आहे? सानिका दहावीच्या एका गणितात अडलीय. 6 व्होल्टची बॅटरी, 2 ओहम आणि 4 ओहमचे रोध एकसर जोडणीत. ती म्हणते, पहिल्या रोधात थोडा करंट खर्च होतो, मग दुसऱ्यात कमीच जाणार. पण उत्तर दोन्हीकडे 1 अँपिअर दिलंय.

कुलकर्णी काका: उत्तर बरोबर आहे. सानिका, पाण्याचा बंद फेरा डोळ्यांसमोर आण. पंप, पाइप, मध्ये एक अरुंद तुकडा, पुढे आणखी अरुंद तुकडा, आणि पाणी परत पंपात. सगळे पाइप भरलेले. पहिल्या तुकड्यात मिनिटाला 10 लिटर शिरलं आणि 8 लिटरच बाहेर आलं, तर 2 लिटर गेलं कुठे?

सानिका (आईच्या फोनवरून): आत साठेल... पण पाइप तर भरलेलाच आहे 🤔

कुलकर्णी काका: म्हणजे जेवढं आत तेवढंच बाहेर. मिनिटाचे लिटर म्हणजे करंट, तो सगळीकडे सारखा. घटतो तो दाब. पंपाने दिलेला दाब अरुंद तुकड्यांतून पाणी ढकलण्यात संपतो, जास्त अरुंद तुकड्यात जास्त. तुझ्या गणितात एकूण रोध 6 ओहम, म्हणून करंट 6 ÷ 6 = 1 अँपिअर. आता V = IR लाव: 2 ओहमवर 2 व्होल्ट, 4 ओहमवर 4 व्होल्ट. बॅटरीचे 6 व्होल्ट असे वाटले गेले. म्हणून व्होल्टमीटर रोधाच्या दोन टोकांना लावतात, दोन्हीकडच्या दाबातला फरक बघायला. अँमीटरमधून मात्र सगळा प्रवाह जावा लागतो, म्हणून तो वाटेतच बसतो.

शिंदे, बी विंग: काका, पाइप कापला तर पाणी सांडतं. वायर कापली तर करंट का सांडत नाही? 😄

कुलकर्णी काका: इथे पाण्याची उपमा लंगडी पडते. वायरभोवतीची हवा करंटला वाट देत नाही, त्यामुळे तुटलेली वायर म्हणजे बंद केलेला व्हॉल्व्ह. आणि व्हॉल्व्ह शेवटी असला तरी प्रवाह पूर्ण फेऱ्यात थांबतो, फक्त पुढचा नाही.

सानिका: मग 4 च्या जागी 10 ओहम लावला तर 2 ओहममधला करंटपण कमी होईल? तो तर आधी येतो!

कुलकर्णी काका: होईल. आधी-नंतर असं काही नसतं, पुढचा तुकडा अरुंद झाला की मागचं पाणीही हळू सरकतं. आकडे तूच काढ.

सानिका: एकूण 12 ओहम. करंट 0.5 अँपिअर. 2 ओहमवर 1 व्होल्ट, 10 ओहमवर 5 व्होल्ट. बेरीज 6 👍