लक्षणं दिसली तो दिवस शून्य की पहिला?

ओंकार: अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या जानेवारी २०२२ मधल्या कोविड सूचनांचं एक मराठी भाषांतर तपासतोय. त्यात लिहिलंय, "लक्षणे दिसल्यापासून पाचव्या दिवसापर्यंत घरात वेगळे राहावे." मुळात लक्षणं दिसली तो दिवस शून्य धरलाय. मराठी वाचणारा तो पहिला धरेल, अशी मला शंका आहे. उगाच खुसपट काढतोय का?

वसंतकाका: पहिलाच धरणार! जन्माचा दिवस धरूनच बाराव्या दिवशी बारसं करतो ना आपण? आपली मोजणी एकापासून सुरू होते. हे शून्य आणायचं कारणच काय?

डॉ. मृणाल: काका, आम्हीही वॉर्डात बहुतेक वेळा तुमच्यासारखंच मोजतो. डेंग्यूच्या केसपेपरवर 'तापाचा चौथा दिवस' लिहितो, तेव्हा ताप चढला तो दिवस पहिलाच असतो. पाळीचं गणितही तसंच. पण तिथे आजार कुठवर आलाय एवढंच सांगायचं असतं. विलगीकरणात पुरे झालेले दिवस मोजायचे असतात.

समजा मंगळवारी, ११ जानेवारीला, रात्री अकराला घसा धरला. मंगळवार पहिला धरला तर तासाभराचा दिवस होतो. मग शनिवारी 'पाच दिवस भरले' म्हणून माणूस रविवारी सकाळी बाहेर पडेल, आणि प्रत्यक्षात चार दिवस आणि वर काही तासच झालेले असतील. मंगळवार शून्य धरला तर बुधवार पहिला, रविवार पाचवा, आणि सुटका सोमवारी, १७ तारखेला. तीही ताप उतरवायचं औषध न घेता चोवीस तास ताप नसेल आणि बाकी त्रास कमी होत असेल तरच. त्यानंतरही दहाव्या दिवसापर्यंत, म्हणजे २१ तारखेपर्यंत, चारचौघांत मास्क होताच. लक्षणं पहाटे आली काय आणि रात्री आली काय, शून्य धरल्यावर पाच दिवस नक्की भरतात.

रमेश: पण चौदा दिवस होते ना? माझ्या हातावर शिक्का मारला होता विमानतळावर.

ओंकार: रमेशराव, ते मार्च २०२० मधलं, परदेशातून आलेल्यांचं क्वारंटाइन. तुम्ही आजारी नव्हता, लागण झाली असेल या शंकेनं घरात बसवलं होतं. इथे आजारी पडलेल्या माणसाचं चाललंय.

रमेश: असेल. पण शिक्क्यावर अखेरची तारीखच होती. मला काही मोजावं लागलं नाही.

निशा: आमच्याकडे वेगळाच घोळ. सासूबाईंना लक्षणं काहीच नव्हती. गुरुवारी स्वॅब दिला, शनिवारी रिपोर्ट आला. सोसायटीवाले म्हणाले शनिवारपासून मोजा, आम्ही म्हणत होतो गुरुवारपासून.

डॉ. मृणाल: अमेरिकेच्या त्या सूचनांप्रमाणे तुमचं बरोबर. लक्षणं नसतील तर चाचणीचा दिवस शून्य, रिपोर्ट हातात पडला तो नव्हे. मात्र पुढे लक्षणं आली, तर ती आली त्या दिवसापासून परत शून्य. आपल्या केंद्राच्या एप्रिल २०२१ च्या गृहविलगीकरणाच्या सूचनांतही लक्षणं नसलेल्यांसाठी नमुना घेतल्याची तारीख होती. जानेवारी २०२२ मध्ये मात्र 'पॉझिटिव्ह आल्यापासून किमान सात दिवस उलटलेले आणि सलग तीन दिवस ताप नाही' अशा अर्थाचं आलं. 'उलटलेले' म्हटल्यामुळे शून्याचा वाद मिटतो, पण 'पॉझिटिव्ह आल्यापासून' म्हणजे स्वॅबपासून की रिपोर्टपासून, यावर लोक भांडणारच. तुमच्या सोसायटीला पुरता दोष देता येत नाही.

ओंकार: मग असं केलं तर? "लक्षणे दिसली तो दिवस मोजू नये. त्यानंतरचे पाच पूर्ण दिवस घरात वेगळे राहावे." शून्य हा शब्दच नको.

वसंतकाका: हे कसं सरळ झालं! 'शून्यावा दिवस' असलं काही छापू नका म्हणजे झालं.

डॉ. मृणाल: वाक्य चांगलं आहे. पण पत्रकात पुढे 'सहाव्या दिवशी', 'दहाव्या दिवसापर्यंत' असं येईल, तेव्हा वाचणारा पुन्हा मंगळवारपासून बोटांवर मोजेल. तक्ता असेल तर शून्य ठेवावंच लागेल. नाहीतर रमेशरावांच्या शिक्क्यासारखी तारखेसाठी रिकामी जागा सोडा आणि दवाखान्यातच भरून द्या.

ओंकार: पत्रक छापील आहे, भरून देणारं कोणी नाही. तक्त्यात 'लक्षणे दिसली तो दिवस' या चौकटीत ० टाकतो आणि शेजारी वारांचं उदाहरण देतो.

निशा: आणि सोमवारी नुसता घसा खवखवला, ताप मंगळवारी आला तर? आमच्या घरात अर्धे लोक तापापासूनच मोजतात.

डॉ. मृणाल: सोमवार शून्य. पहिलं लक्षण कुठलंही असो, तेच धरायचं.

वसंतकाका: माझा घसा बारा महिने खवखवतो हो.

डॉ. मृणाल: रोजच्यापेक्षा वेगळं वाटलं तो दिवस धरा. तो नक्की कुठला, हे मात्र तुम्हीच सांगायचं.